घोळणा, कापलेलं बोट आणि चक्कर: मोठ्या मुलांकडून करून घ्यायची प्रथमोपचाराची तालीम

प्रथमोपचाराचा धडा पोरांना पाठ व्हायला वेळ लागत नाही. सातवीच्या वर्गात "घोळणा फुटला तर मान पुढं झुकवायची" असं एकदा सांगा, दुसऱ्या दिवशी विचारलं की सगळे हात वर. अडचण पुढं येते. खरोखर रक्त येतं तेव्हा पोर एकटं नसतं. भोवती आजी असते, चुलती असते, शेजारचे काका असतात, आणि तिघं तीन गोष्टी सांगतात: मान वर कर, कांदा हुंग, डोक्यावर पाणी ओता. बरोबर उत्तर माहीत असलेली पोरगी अशा वेळी गप्प राहते, कारण मोठ्यांना उलट बोलायचं नाही हेही तिला तितकंच पक्कं शिकवलेलं असतं.

म्हणून या विषयाचं नाटुकलं बसवताना जखमेइतकंच महत्त्व त्या सल्ला देणाऱ्या पात्राला द्यावं, असं माझं मत आहे. पोरांना खरी तालीम हवी असते ती गलक्यात हात न हलवता काम करत राहण्याची आणि मोठ्यांचा मान राखून त्यांना बाजूला करण्याची. पट्टी बांधायची कशी हे त्यामानानं सोपं आहे.

आपल्याकडं याची गरज जास्त आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे आईबाप ऊसतोडीला जातात आणि बारा-तेरा वर्षांचं मोठं भावंड धाकट्यांसोबत आजी-आजोबांजवळ राहतं. जे घरी असतात त्यांचेही आईबाप दिवसभर रानात असतात. धाकट्याचं नाक वाहायला लागलं की सगळ्यात आधी जवळ पोचतं ते हेच मोठं पोर. पाचवी ते आठवीच्या मुलांना धरून हा खेळ घ्यावा. त्याहून लहानांना मोठ्या माणसाला हाक मारायची एवढंच शिकवलं तरी पुरे.

चिठ्ठ्या आणि पात्रं

सामान फार लागत नाही. पाण्यात कालवलेलं कुंकू किंवा बिटाचा रस, धुतलेले सुती रुमाल, एक-दोन स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक बंद केलेला मोबाईल. खरं पातं, विळा, ब्लेड काही आणायचं नाही. पुठ्ठ्याचा विळा चालतो.

प्रत्येक प्रसंगात चार पात्रं ठेवायची: रुग्ण, मदत करणारा, सल्ला देणारा आणि बघून टिपून ठेवणारा. चौघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि एकमेकांच्या वाचू द्यायच्या नाहीत. रुग्णाच्या चिठ्ठीत एखादी गोष्ट अशी असते की विचारल्याशिवाय सांगायची नाही, जसं "दुपारी झाडावरून पडलो होतो". सल्ला देणाऱ्याच्या चिठ्ठीत ठरलेली तीन वाक्यं असतात आणि ती मोठ्यानं, पुन्हापुन्हा म्हणायची असतात. हे पात्र वर्गातल्या सगळ्यात बडबड्या पोराला द्यावं. ते जीव ओतून करतं.

सुरू करण्याआधी वर्गाला सांगून टाकावं की हे रंगाचं पाणी आहे. काही मुलांना नुसतं लाल दिसलं तरी खरोखर भोवळ येते. ज्याला बघवत नसेल त्यानं घड्याळ सांभाळावं, त्याची थट्टा होऊ देऊ नये.

पहिला प्रसंग: घोळणा

हा प्रसंग आधी घ्यायचा, कारण मार्चपासून जूनपर्यंत परभणी-नांदेडकडच्या शाळांत तो कधी ना कधी खराच घडतो. नाकाच्या आतला मधला पडदा पुढच्या बाजूला फार नाजूक असतो. तिथं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरच्या थरात असतं आणि मुलांचा घोळणा बहुतेक वेळा तिथूनच फुटतो. कोरड्या हवेत आतली त्वचा सुकते, खपली धरते, पोर नखानं ती खपली काढतं आणि रक्त लागतं. "उष्णतेनं घोळणा फुटला" असं आपण म्हणतो त्यात इतकं तथ्य आहे. डोक्यात उष्णता चढून ती नाकातून बाहेर पडते, असं मात्र काही नसतं.

ही जागा पुढं आहे, बोटाच्या चिमटीत येते, म्हणूनच दाबून रक्त थांबवता येतं. सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

आता खेळ. सहावीतलं एक पोर ओसरीवर बसलंय, ओठावर बिटाचा रस लावलाय. ते ओरडतं, "ताई, नाकातून रक्त यायलंय!" मदत करणारी ताई धावत येते. तिनं आधी त्याला ताठ बसवायचं आणि मग कमरेतून थोडं पुढं झुकवायचं, हनुवटी छातीकडं. तोंड उघडं, श्वास तोंडानं. घशात आलेलं रक्त गिळायचं नाही, समोरच्या भांड्यात थुंकायचं. मग नाक दाबायचं.

इथं जवळजवळ प्रत्येक वर्गात तोच घोटाळा होतो. मुलं नाकाचा वरचा, चष्मा टेकतो तो हाडाचा भाग धरतात. हाड दाबून काही उपयोग नाही, रक्त त्याच्या खालून येत असतं. बोट नाकाच्या शेंड्याकडं खाली सरकवत न्यायचं. हाड संपून मऊ भाग लागला की दोन्ही नाकपुड्या अंगठा आणि पहिल्या बोटानं एकमेकींवर घट्ट मिटवायच्या. रक्त एकाच नाकपुडीतून येत असलं तरी दोन्ही दाबायच्या.

जागा बरोबर धरली का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. रुग्णाला "मामा" म्हणायला सांगायचं. "बाबा"सारखं काहीतरी ऐकू आलं तर नाक पुरतं बंद आहे. स्वच्छ "मामा" आलं तर बोटं वर गेली आहेत किंवा चिमूट सैल आहे. पोरांना याचं इतकं हसू येतं की ही खूण कायमची लक्षात राहते.

दाबायला लागल्याबरोबर सल्ला देणारी आजी आत येते. "आरं देवा, मान वर कर की लेकरा! सगळं रक्त वाहून जाईल!" तिचं दुसरं वाक्य, "जा गं, कांदा फोडून आण, हुंगव त्याला." तिसरं, "थांबलं का बघू, काढ हात."

इथं ताईनं वाद घालायचा नाही. आजीला काम द्यायचं. "आज्जी, तुम्ही घड्याळाकडं बघा. दहा मिनिटं झाली की मला सांगा." हे वाक्य वर्गाकडून चार-पाच वेळा म्हणून घ्यावं, वेगवेगळ्या आवाजात, वेगवेगळ्या नात्यांसाठी: काकू, तुम्ही भांडं धरा, दादा, तुम्ही पंख्याचं बटण लावा. रिकामा माणूस सल्ले देत राहतो, हाताला काम मिळालं की सल्ले बंद होतात. आणि यात कुणाचा अपमानही होत नाही.

खेळ संपला की आजीच्या तिन्ही वाक्यांवर बोलायचं, कारण "तसं करायचं नाही" एवढं सांगितलं तर पोरं घरी जाऊन गप्पच बसणार. मान वर केली की रक्त थांबत नाही, दिसेनासं होतं. ते मागच्या बाजूनं घशात उतरतं. पोटात गेलेल्या रक्तानं मळमळ होते, उलटीतून रक्त पडतं आणि मग घरात खरा गोंधळ होतो. आडवं झोपवलं तरी हेच. कांद्याच्या वासानं शिंक आली तर धरू लागलेली गुठळी निघून येते. डोक्यावर पाणी ओतल्यानं फारसं बिघडत नाही, पण त्या धांदलीत नाकावरचा हात सुटतो आणि नुकसान तिथं होतं. नाकात कापसाचा बोळा कोंबला तर तो सुकून चिकटतो आणि ओढून काढताना पुन्हा रक्त लागतं. दुर्वांचा रस, तूप, हे सगळं रक्त वाहत असताना तरी नाकात घालू नये.

तिसरं वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण ते निरुपद्रवी वाटतं. "थांबलं का बघू" म्हणून दर मिनिटाला हात काढला तर गुठळी धरत नाही. दुधावर साय धरायला लागली की कुणी चमचा फिरवत राहिलं तर साय कधीच येणार नाही, तसं हे आहे. सलग १० मिनिटं दाबायचं. मध्ये एकदाही सोडायचं नाही.

म्हणून तालमीतही खरी १० मिनिटं घड्याळ लावून घ्यायची. शिक्षकांना इथं घाई होते, "समजा दहा मिनिटं झाली" म्हणून ते पुढं जातात. तसं करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच मुलांची बोटं दुखायला लागतात, कुणी हात बदलतं, कुणी हळूच ढील देतं. दहा मिनिटं किती लांब असतात हे हाताला कळलं पाहिजे. रुग्ण झालेल्या मुलानं स्वतःचं नाक स्वतःच दाबायचं. मोठ्या मुलानं खऱ्या प्रसंगातही तसंच करावं, धाकट्याचं मात्र ताईनं दाबावं. सर्दीनं नाक चोंदलेलं किंवा दम्याचा त्रास असलेलं पोर रुग्णाच्या भूमिकेत घेऊ नये.

दहा मिनिटांनी हळूच हात काढायचा. रक्त येतच असेल तर आणखी १० मिनिटं तसंच. त्यानंतरही थांबलं नाही तर दवाखाना. थांबलं तर पुढचा दिवसभर नाक शिंकरायचं नाही, बोट घालायचं नाही, पळापळ आणि जड उचलणं नाही, गरम चहाही थोडा बाजूलाच ठेवायचा.

एवढं झालं की रुग्णाची चिठ्ठी बदलायची. आता पोर तेच आहे, रक्त तेच आहे, पण चिठ्ठीत लिहिलंय, "तासाभरापूर्वी बैलगाडीवरून डोक्यावर पडलो". ताईनं "काय झालं होतं रे?" असं विचारलं तरच हे बाहेर येतं. डोक्याला मार लागून नाकातून रक्त किंवा पातळ पाण्यासारखं काही येत असेल तर घरी दाबत बसायचं नाही, लगेच मोठ्या माणसाला बोलवायचं आणि दवाखाना गाठायचा. दुसरी चिठ्ठी अशी असू द्यावी: "चार दिवसांपासून ताप आहे, अंगावर लाल ठिपके आलेत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं." पावसाळ्यात डेंगीच्या साथीत हे महत्त्वाचं आहे. तिसरी चिठ्ठी आजोबांची: "मी हृदयाची, रक्त पातळ करायची गोळी घेतो." या शेवटच्या दोन्हींत नाक दाबणं सुरूच ठेवायचं, पण तिन्हींपैकी कशातच वीस मिनिटं वाट बघायची नाही.

दुसरा प्रसंग: सोयाबीनचा विळा

हा प्रसंग लवकर उरकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन काढणी असते, सुट्टीच्या दिवशी पोरंही रानात असतात. चिठ्ठीत लिहायचं: "डाव्या हाताचं पहिलं बोट विळ्यानं कापलं, रक्त टपटप पडतंय."

मदत करणाऱ्यानं आधी त्याला बांधावर बसवायचं. दुसऱ्याच्या रक्ताला उघडा हात लावायचा नाही. स्वच्छ पिशवी हातमोज्यासारखी घालायची, किंवा त्याचं त्यालाच दाबायला सांगायचं. धुतलेला रुमाल घडी करून जखमेवर ठेवायचा, घट्ट दाबायचा आणि हात छातीच्या वर धरायचा. इथंही घड्याळ, इथंही सलग १० मिनिटं. रुमाल भिजून रक्त वर आलं तर तो काढायचा नाही, त्याच्यावरच दुसरा ठेवून आणखी जोरात दाबायचं. पहिला काढला की धरलेली गुठळी त्याच्यासोबत निघून येते.

सल्ला देणारी काकू म्हणते, "माती लाव, माती! लगेच थांबतंय." किंवा घरी असलं तर, "हळदीचा डबा आण." तिचं तिसरं वाक्य, "दोरीनं आवळून बांध बोट."

मातीवर थांबून बोलावं लागतं, कारण रानात माती हाताशी असते. शेणखत घातलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि खोल, बुजलेल्या जखमेत ते वाढतात. हळदीबद्दल पोरं हमखास विचारतात, "पण हळद तर औषधी आहे ना?" त्यांना सरळ सांगावं, डब्यातली हळद जंतूविरहित नसते. ती जखमेत चिकटून बसते, खाली किती खोल कापलंय ते दिसत नाही आणि टाके घालायच्या आधी डॉक्टरांना ती खरवडून धुवावी लागते. टूथपेस्ट, चहापत्ती, तंबाखू, रॉकेल यांचंही तेच. दोरी आवळली तर बोटाचा रक्तपुरवठाच बंद होतो. साध्या कापण्याला तिची कधीच गरज नसते, दाब पुरतो. काकूला काम द्यायचं: "काकू, मोटारीचं चांगलं पाणी कळशीभर आणता का?"

रक्त थांबलं की ते पाणी कामाला येतं. जखमेवर धार धरून माती, कुसं धुऊन काढायची, भोवतीच्या कातडीला साबण लावायचा, मग कोरडं करून स्वच्छ पट्टी. नुसतं खरचटलं असेल आणि रक्त जेमतेम येत असेल तर हा क्रम उलटा: आधी धुवायचं, दाबायची फारशी गरजच पडत नाही.

कुठं थांबायचं हेही खेळातच दाखवावं. पुठ्ठ्यावर दोन जखमा काढाव्यात. एकीच्या कडा एकमेकींना भिडलेल्या, दुसरीच्या फाकलेल्या, आतलं दिसतंय. फाकलेली असेल, दहा मिनिटं दाबूनही रक्त वाहत असेल, बोट वाकत नसेल किंवा पुढचा भाग बधिर झाला असेल, तर टाक्यांसाठी दवाखाना. काच किंवा तार आत रुतलेली असेल तर ओढून काढायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं आणि तसंच न्यायचं. मातीच्या, गंजक्या वस्तूच्या जखमेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस दिली जाते, ती झाली का हे घरी कार्डावर बघून ठेवावं. घाण जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टर सहसा पुन्हा एक देतात.

कुत्र्याच्या चाव्याची चिठ्ठी वेगळी ठेवावी, कारण तिथं नियम बदलतो: पट्टी नाही, आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुणं आणि त्याच दिवशी लस. दात फक्त ओरखडल्यासारखा लागला असला तरी.

तिसरा प्रसंग: सतरा सप्टेंबरची सकाळ

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन. पोरं सकाळी लवकर, बरीचशी न खाताच आलेली. पावसाची उघडीप, दमट ऊन, लांबलेली भाषणं. सातवीच्या ओळीतली एक मुलगी पांढरी पडते, कपाळाला घाम फुटतो. ती शेजारणीला म्हणते, "डोळ्यापुढं अंधारी यायलीय गं." आणि खाली जाते.

हे का होतं ते मुलांना दोन वाक्यांत सांगता येतं. एका जागी ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साठत जातं; चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत असतात, ते काम थांबलेलं असतं. त्यात उपाशी पोट, ऊन, कमी पाणी, आणि शरीराची एक प्रतिक्रिया उलटी फिरते: हृदयाची गती मंदावते, रक्तदाब घसरतो, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. माणूस पडतो. पडल्यावर डोकं आणि हृदय एका पातळीला येतात, रक्त पुन्हा मेंदूकडं जातं आणि बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत शुद्ध येते. म्हणजे या बाबतीत आडवं होणं हाच उपचार आहे. हे एकदा कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते.

खेळात मुलीनं धाडकन पडायचं नाही, गुडघ्यांत वाकून हळूच सरकायचं. तालमीचा पहिला भाग तर पडण्याच्या आधीचाच आहे. "अंधारी येतेय" ऐकल्याबरोबर शेजारणीनं तिला तिथंच जमिनीवर बसवायचं किंवा झोपवायचं. ओळ मोडेल, सर रागावतील, राष्ट्रगीत चालू आहे, यातलं काहीही आड येऊ द्यायचं नाही. शिक्षकांनी हे वाक्य स्वतःच्या तोंडानं वर्गापुढं म्हणावं: चक्कर येत असेल तर खाली बसा, परवानगी विचारू नका. डोकं फुटतं ते पडताना. आधीच बसलं तर ती जखम टळते.

मुलगी पडली. आता सल्ला देणारे एकाऐवजी तिघं सोडायचे. एक म्हणतो, "उचला, खुर्चीवर बसवा." दुसरा, "तोंडावर पाणी मारा, पाणी पाजा." तिसरा, "कांदा नाहीतर चप्पल हुंगवा." आणि बाकीचा वर्ग कडं करून वाकून बघतो, जे खऱ्यातही होतंच.

मदत करणारी गुडघ्यावर बसते, खांदा हलवून मोठ्यानं हाक मारते. छाती हलतेय का, नाकातोंडाशी श्वास लागतोय का, हे १० सेकंदांपर्यंत बघते. श्वास नीट चाललाय, म्हणजे आता वेळ आहे. मुलीला पाठीवर सपाट ठेवायचं, दप्तर किंवा दोन विटांवर चादर टाकून पाय साधारण फूटभर उंच करायचे, गळ्याचं बटण आणि कमरेचा पट्टा सैल करायचा. ओढणी मुलीनंच सैल करावी, म्हणून मुलींच्या ओळीत मदत करणारीही मुलगीच असलेली बरी.

गर्दीला कामं: "तू वारा घाल. तुम्ही दोघं चादर धरून सावली करा. बाकीचे सगळे पाच पावलं मागं. तू शुद्धीवर यायला किती वेळ लागतोय ते मोज." खुर्चीवर बसवणाऱ्या काकांना हात जोडून, पण ठाम: "काका, झोपूनच राहू द्या. बसवलं की मेंदूला रक्त पुन्हा कमी पडतंय." शुद्ध हरपलेल्या माणसाला गिळता येत नाही. पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. पाणी द्यायचं ते ती पूर्ण जागी होऊन स्वतः पेला धरू शकते तेव्हा, सोबत काहीतरी खायला. कांद्यानं आणि चपलेनं काहीच होत नाही. शुद्ध त्याच सुमाराला तशीही येणार असते, श्रेय मात्र चपलेला मिळतं.

जागी झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटं आडवंच. मग बसायचं, मग उभं राहायचं. एकदम उठवलं तर ती दुसऱ्यांदा पडते. मुलं ही चूक खेळात हमखास करतात, कारण "शुद्ध आली" म्हटलं की त्यांच्या मनात प्रसंग संपलेला असतो. म्हणून रुग्णाच्या चिठ्ठीतच लिहून ठेवायचं: "लगेच उठवलं तर पुन्हा पड."

आता त्या मोजणाऱ्या मुलाचं काम. एक मिनिट झालं आणि ती डोळे उघडत नाही, तर ही साधी भोवळ धरायची नाही. श्वास चालू असेल तर तिला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढं वाकवायचा, हनुवटी थोडी वर, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. आणि १०८. श्वास चालत नसेल किंवा अधूनमधून नुसती घरघर असेल, तर मोठ्या माणसाला जिवाच्या आकांतानं ओरडून बोलवायचं आणि १०८ ला फोन. छातीवर दाब द्यायचं शिक्षण वेगळ्या बैठकीत, पुतळ्यावर घ्यावं. जिवंत मुलाच्या छातीवर त्याचा सराव कधीही करायचा नाही.

बेशुद्धीत एखाददुसरा झटका येऊ शकतो, तेवढ्यावरून फिट म्हणायचं नाही. झटके चालूच राहिले तर हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं. पाच मिनिटांच्या पुढं गेले तर १०८. याआधी कधी फिट आलेली नसेल तर तेवढंही थांबू नये.

दोन चिठ्ठ्या इथं जरूर घालाव्यात. पहिली एप्रिलची: "दुपारभर उन्हात खेळलो, अंग भट्टीसारखं तापलंय, काहीबाही बरळतोय." हा उष्माघात. सावलीत नेऊन कपडे सैल करायचे, अंगावर भरपूर पाणी ओतायचं, वारा घालत राहायचं आणि लगेच १०८. पाजायचं मात्र इथंही नाही, तो बरळतोय तोवर. दुसरी चिठ्ठी: "कबड्डी खेळता खेळताच कोसळलो." उभं राहून आलेली भोवळ बहुधा साधी असते. पळताना, खेळताना आलेली भोवळ हृदयाची असू शकते. मूल दोन मिनिटांत उठून हसायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. छातीत दुखलं किंवा धडधडलं असेल तरीही हेच.

फोन

बंद मोबाईल यासाठी आणलेला असतो. १०८ वर गंमत म्हणून फोन लावायचा नाही, हे आधीच बजावावं. शिक्षकानं पलीकडचा माणूस व्हायचं आणि पोराला प्रश्न विचारायचे.

इथं पोरं अडतात ती पत्त्यावर. "सर, पिंपळगावातून बोलतोय" म्हणतं पोर. कुठलं पिंपळगाव? एका जिल्ह्यातच त्या नावाची गावं असतात. म्हणून क्रम पाठ करून घ्यावा: जिल्हा, तालुका, गाव, आणि गावात शिरल्यावर दिसणारी खूण, म्हणजे पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, जिल्हा परिषदेची शाळा. मग काय झालं, वय किती, श्वास चालू आहे का, शुद्ध आहे का. पलीकडून "ठेवा" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. एकाला लगेच रस्त्यावर उभं करायचं, कारण वस्तीवरच्या घराला पाटी नसते.

हा खेळ एकदा घेऊन सोडला तर महिन्याभरात बोटं पुन्हा हाडावर जातात. पुढच्या महिन्यात एखाद्या दिवशी परिपाठ संपता संपता, न सांगता एका पोराच्या हातात चिठ्ठी द्यावी आणि नुसतं बघावं. चिमूट मऊ भागावर आहे का, घड्याळ कुणाच्या हातात आहे, आजी झालेल्या पोराला काही काम मिळालं की ते मोकळं बडबडतंय. जिथं गडबडेल तेवढाच तुकडा पुन्हा घ्यावा, सगळं नाटक नको.